साहेबांचा नुसता ‘हॅलो’ आला, तर काय लिहायचं?

आज एका छोट्या शब्दाबद्दल बोलायचं आहे. सकाळी दहा-साडेदहाला मोबाइल वाजतो, आपण पाहतो, तर बँकेच्या शाखा व्यवस्थापकांचा संदेश असतो. संदेश काय? ‘हॅलो’. बस्स. पुढं ना ताई, ना नमस्कार, ना काम काय ते.

आम्ही चौघी-पाचजणी प्रभागसंघाच्या कार्यालयात काम करतो. कुणी लेखापाल आहे, कुणी बँक सखी, दोघी गावोगाव फिरणाऱ्या सीआरपी. हा ‘हॅलो’ आम्हा सगळ्यांना येतो, आणि सुरुवातीला आम्ही सगळ्यांनीच तो चुकीचा घेतला. एकीला वाटायचं, साहेब चिडलेत. ती लगेच लिहायची, ‘काय झालं सर, काही चुकलं का?’ दुसरी पाहून गप्प बसायची. गरज असेल तर फोन करतील म्हणायची. तिसरी परत ‘हॅलो सर’ लिहायची आणि उत्तराची वाट पाहायची. चौथीनं तर एकदा अडीच मिनिटांचं बोलून रेकॉर्ड केलेलं पाठवलं. त्यात तब्येतीची चौकशी होती, पावसाची होती, आणि गटाची बैठक का झाली नाही त्याचीही होती. साहेबांनी ते ऐकलंच नाही. काउंटरसमोर वीस माणसं उभी असताना मोबाइल कानाला लावून अडीच मिनिटं कोण ऐकणार?

आधी हा ‘हॅलो’ असा कोरडा का असतो ते पाहू. खेड्यातल्या शाखेत माणसं किती असतात, ते आपण पाहतोच. एक व्यवस्थापक, एक-दोन अधिकारी, एक रोखपाल, एखादा शिपाई. त्यात कुणी रजेवर असलं की साहेब स्वतःच काउंटरवर बसतात. पीककर्जाचे कागद, सोनेतारण, पेन्शन घ्यायला आलेली म्हातारी माणसं, वरच्या कार्यालयाचे फोन, हे सगळं एकाच वेळी चालू असतं. अशा गर्दीत साहेब एका हातानं ‘हॅलो’ टाकतात आणि समोरच्या माणसाकडं वळतात. तो शब्द रागाचा नसतो. त्याचा अर्थ एवढाच, की तुमच्याकडून मला एक माहिती हवी आहे, तुम्ही आहात का? आपल्या बायका विहिरीवर हाक मारतात ना, ‘ए आहेस का गं?’ तसंच ते.

म्हणून आपल्या पहिल्या उत्तरानं एवढंच सांगायचं, की होय, मी आहे, मी अमुक, वह्या माझ्यासमोर आहेत, काम सांगा. आम्ही आता हे असं लिहितो:

‘नमस्कार सर. प्रभागसंघातून लेखापाल. आत्ता कार्यालयात आहे, गटांच्या वह्या समोर आहेत. कोणत्या गटाचं काम आहे?’

चार छोटी वाक्यं आहेत, आणि प्रत्येकीचं काम वेगळं आहे. नमस्कार एकदाच. त्यापुढं ‘कसे आहात, घरची मंडळी कशी’ हे नको. ते आपण शाखेत गेलो की विचारू, तिथं ते शोभतं. दुसऱ्या वाक्यात आपण कोण ते, कारण साहेबांच्या मोबाइलमध्ये आपलं नाव असेलच असं नाही. व्यवस्थापकांची बदली दोन-तीन वर्षांनी होतच असते. नवीन आलेल्या साहेबांना जुन्या साहेबांच्या कागदावरून नंबर मिळालेला असतो, माणूस कळलेला नसतो. तिसऱ्या वाक्यानं त्यांना कळतं, की आत्ता विचारलं तर आत्ता मिळेल. समजा आपण शेतात आहोत, वह्या घरी आहेत, तर तसंच खरं लिहायचं: ‘आत्ता शेतात आहे, साडेअकराला वह्यांपाशी असेन.’ यात कमीपणा काही नाही. साहेबांना वेळ कळली की ते तेवढ्यात दुसरं काम करतात. आणि चौथं वाक्य एकच प्रश्न. एकच हं. दोन प्रश्न विचारले की घाईतला माणूस एकाचंच उत्तर देतो, आणि ते बहुधा आपल्याला नको असलेल्याचं असतं.

‘हॅलो’ला नुसता ‘हॅलो’ का लिहू नये, हेही सांगतो. आपण हॅलो लिहिलं, साहेबांनी ते तासाभरानं पाहिलं, मग त्यांनी काम लिहिलं, ते आपण जेवणानंतर पाहिलं. दोन हॅलोंमध्ये सकाळ गेली. बँकेत सकाळ गेली म्हणजे पुष्कळदा दिवसच जातो.

फोन आला तर? फोनवरही तसंच. पलीकडून ‘हॅलो’ आलं, की ‘कोण बोलतंय, कोण पाहिजे?’ असं तीनदा विचारण्यापेक्षा एका दमात सांगायचं: ‘नमस्कार सर, प्रभागसंघातून लेखापाल बोलते, बोला सर.’ आणि मग गप्प राहायचं. हे गप्प राहणं आम्हाला सगळ्यात अवघड गेलं. साहेब दोन सेकंद थांबले की आम्हीच बोलायला लागायचो. ते थांबलेले असतात, कारण ते कागद शोधत असतात.

आता घडलेली एक गोष्ट सांगतो, म्हणजे सगळं नीट कळेल. गटांची आणि शाखेची नावं मुद्दाम सांगत नाही.

मार्च महिन्याची २५ तारीख होती. मार्च म्हणजे बँकेचा वर्षअखेरीचा महिना. सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी लेखापाल ताईंना साहेबांचा ‘हॅलो’ आला. ताईंनी वर सांगितलं तसं उत्तर दिलं. दहा मिनिटांनी साहेबांचं आलं: ‘३ गट. सीसीला जमा नाही. आज कळवा.’

याचा अर्थ आधी समजून घेऊ, कारण अर्थ कळला नाही तर उत्तर बरोबर देता येत नाही. आपल्या गटाला बँक कॅश क्रेडिट देते, त्याला आपण सीसी म्हणतो. त्यात एक मर्यादा ठरलेली असते. समजा तीन लाख. त्या मर्यादेत आपण पैसे उचलतो आणि भरतो. बँक दर महिन्याला त्यावर व्याज नावे टाकते. आता नियम असा आहे, की या खात्यात सलग ९० दिवस काहीच जमा झालं नाही, किंवा ९० दिवसांत जेवढं व्याज लागलं तेवढंही जमा झालं नाही, तर खातं थकीत धरलं जातं. बँकेच्या भाषेत त्याला एनपीए म्हणतात. उचल मर्यादेच्या वर जाऊन ९० दिवस तशीच राहिली, तरीही तेच होतं.

आमच्यातल्या बऱ्याच जणींना वाटायचं, की साहेबांना सांगितलं तर ते चार दिवस थांबवतील. तसं होत नाही. दिवसाच्या शेवटी संगणक स्वतः हिशेब करतो आणि खात्यावर शिक्का मारतो. साहेबांच्या टेबलावर ते थांबवायचं बटण नसतं. म्हणून त्यांना घाई असते, आणि म्हणून ते ‘आज कळवा’ म्हणतात. एकदा शिक्का बसला, की थकलेलं सगळं भरेपर्यंत तो निघत नाही, आणि तोवर गटाची मर्यादा वाढवायचं, नूतनीकरणाचं काम अडून राहतं.

ताईंनी साहेबांना लगेच लिहिलं: ‘सर, तिन्ही खात्यांचे शेवटचे चार आकडे पाठवा. दोन गटांचं साडेअकरापर्यंत कळवते. वेळ लागला तर तेही साडेअकरालाच सांगते.’

गटाचं नाव न मागता खात्याचे आकडे मागितले, यामागं अनुभव आहे. एकाच नावाचे गट आमच्या भागात कितीतरी आहेत. देवीच्या आणि थोर बायकांच्या नावांचे तर प्रत्येक गावात. मागं एकदा नावावरून माहिती दिली, ती शेजारच्या गावच्या गटाची निघाली, आणि भलत्याच गटाला नोटीस गेली. त्या बायकांचं तोंड आम्ही महिनाभर चुकवत होतो.

साहेबांनी आकडे पाठवले. ताईंनी आपलं पान काढलं. या पानाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण झटपट उत्तर देता येतं ते या पानामुळं. मोठ्या नोंदवहीत सगळं असतं, पण फोन चालू असताना ती वही चाळता येत नाही. म्हणून आम्ही एक दुमडायचं मोठं पान केलं आहे. दर गटाला एक ओळ. ओळीत सहा रकाने: गटाचं नाव आणि गाव, बचत खात्याचे शेवटचे चार आकडे, सीसी खात्याचे शेवटचे चार आकडे, मर्यादा आणि आजची येणेबाकी, सीसीत शेवटची रक्कम कधी जमा झाली ती तारीख, आणि अध्यक्ष-सचिव-कोषाध्यक्ष यांचे फोन. दर शनिवारी जे पासबुक भरून येईल त्यावरून हे पान सुधारायचं. मोबाइलवर येणाऱ्या संदेशावरून नाही. संदेश पुष्कळदा एकाच्याच मोबाइलवर येतात, आणि तो मोबाइल तिच्या मुलाकडं असतो.

पानावर बचत खातं आणि सीसी खातं शेजारी-शेजारी लिहिलं होतं, त्याचा फायदा लगेच झाला.

पहिला गट. सीसीत शेवटची रक्कम २८ डिसेंबरला जमा. तेव्हापासून मोजलं तर डिसेंबरचे तीन दिवस, जानेवारीचे ३१, फेब्रुवारीचे २८ आणि मार्चचे २८, असे ९० दिवस २८ मार्चला भरतात. म्हणजे हातात तीनच दिवस. येणेबाकी दोन लाख चाळीस हजार. सात टक्के दर धरला तर महिन्याचं व्याज चौदाशे रुपये, तीन महिन्यांचं बेचाळीसशे. ताईंनी गटाच्या अध्यक्षांना फोन लावला. त्या म्हणाल्या, ‘अहो ताई, आम्ही दर महिन्याला भरतोय की! पावत्या आहेत माझ्याकडं.’ पावत्यांवरचा खातेक्रमांक वाचून दाखवायला सांगितला, तर तो बचत खात्याचा निघाला. जानेवारीपासून नवीन कोषाध्यक्ष आल्या होत्या. त्यांनी पासबुकाच्या पहिल्या पानावरचा नंबर स्लिपवर लिहिला, आणि ते पासबुक होतं बचतीचं. पैसे भरले होते, गटाचेच होते, फक्त दुसऱ्या खात्यात झोपून होते. ही चूक इतकी वेळा होते, की हप्ता भरून आल्यावर पावतीवरचे शेवटचे चार आकडे कोषाध्यक्षांनी बैठकीत मोठ्यानं वाचावेत, असं आम्ही आता सगळ्या गटांना सांगतो.

दुसरा गट. येणेबाकी दोन लाख. तीन महिन्यांचं व्याज साधारण साडेतीन हजार. बैठकीत सहा हजार जमले होते आणि ते कोषाध्यक्षांच्या पेटीत होते. त्यांच्या घरी लग्न होतं, म्हणून बँकेत जाणं राहिलं होतं. बाकी काही नाही.

तिसरा गट. सचिवांचा फोन बंद. अध्यक्ष फोनवर म्हणाल्या, ‘बघू, करतो काहीतरी.’ आवाजावरूनच कळलं, की गटात काही बिनसलंय.

साडेअकराला ताईंनी साहेबांना असं लिहिलं:

‘सर, गट १: पैसे चुकून बचत खात्यात भरलेत, तिथं पुरेशी शिल्लक आहे. उद्या दोन पदाधिकारी शाखेत येऊन सीसीत वर्ग करतील. गट २: सहा हजार रोख तयार, उद्या बारापर्यंत भरतील. गट ३: अजून माहीत नाही. आज चार वाजता गावात बैठक आहे, सीआरपी जात आहे, साडेपाचपर्यंत कळवते.’

हे उत्तर वाचताना पाहा, की प्रत्येक गटापुढं आधी काय झालं, मग काय होणार आणि कधी होणार. कारणांचं पुराण नाही. लग्नाचं लिहिलं नाही, नवीन कोषाध्यक्षांचं लिहिलं नाही. ते आपल्या गटाच्या बैठकीत बोलायचं. साहेबांना फक्त एवढं ठरवायचं असतं, की या खात्यासाठी आज काही करायचं का, की उद्या होऊन जाईल. आणि ज्याचं उत्तर नाही, तिथं ‘माहीत नाही’ असं स्पष्ट लिहिलं. पण माहिती कधी मिळेल, ती वेळ त्याला जोडली. नुसतं ‘पाहून सांगते’ म्हणणं आम्ही सोडून दिलं आहे. पाहून सांगते म्हणजे आज की पुढच्या आठवड्यात, हे ऐकणाऱ्याला कळत नाही, आणि मग तो दर अर्ध्या तासानं ‘हॅलो’ टाकतो.

यानंतर जे झालं ते आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटतं. साहेबांचा फोनच आला. म्हणाले, ‘ताई, तिसऱ्या गटाचं उद्या भरून टाका म्हणजे झालं. भरतील ना?’ घाईतला मोठा माणूस असं विचारतो तेव्हा तोंडातून ‘हो सर’ निघतंच. आपल्याला लहानपणापासून तीच सवय. मोठ्या माणसानं विचारलं, हो म्हणायचं, मग निस्तरायचं. पण पैसे ताईंचे नव्हते. भरायचे की नाही, किती भरायचे, कुणी किती द्यायचे, हे ठरवणार तो गट. ताई म्हणाल्या, ‘सर, गटानं ठरवल्याशिवाय मला हो म्हणता येणार नाही. साडेपाचला ठरलेलं सांगते.’ साहेब क्षणभर गप्प झाले आणि ‘ठीक आहे’ म्हणून त्यांनी फोन ठेवला.

हे सांगायला सोपं वाटतं. आमच्यातल्या एकीनं दोन वर्षांपूर्वी अशाच वेळी ‘हो सर’ म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी गटानं पैसे दिले नाहीत, तेव्हा तिनं स्वतःच्या घरातले तीन हजार भरले. ते परत मिळायला पुढची दिवाळी उजाडली, आणि घरी जे ऐकून घ्यावं लागलं ते वेगळंच. लवकर मदत करणं आणि दुसऱ्याच्या वतीनं कबूल करणं, या दोन गोष्टी फोनवर अगदी सारख्या ऐकू येतात. म्हणून आम्ही आपापसांत ठरवलं आहे: माहिती आपल्या हातातली, ती लगेच द्यायची. शब्द गटाचा, तो गटाला विचारूनच द्यायचा.

चार वाजता सीआरपी ताई गावात पोचल्या. बारा सभासद, आल्या आठ. भांडण असं होतं, की दोघींनी मोठं कर्ज उचललं होतं आणि जानेवारीपासून हप्ता दिला नव्हता. बाकीच्या म्हणत होत्या, त्या देत नाहीत तर आम्ही का द्यायचं? गटाची येणेबाकी पूर्ण तीन लाख. महिन्याचं व्याज सतराशे पन्नास, तीन महिन्यांचं सव्वापाच हजार. खूप बोलाबोली झाली. शेवटी जमले तीन हजार. सीआरपी ताईंनी तिथंच समजावून सांगितलं, की तीन हजार भरले तरी व्याज पूर्ण होत नाही, खातं थकीत होऊ शकतं. कारण पुष्कळ बायकांना वाटतं, थोडं का होईना भरलं की झालं. सव्वादोन हजारांचा प्रश्न होता. पण त्या दिवशी तो सुटला नाही.

पाच वाजून वीस मिनिटांनी ताईंनी लिहिलं: ‘सर, गट ३: तीन हजार उद्या भरतात. व्याजाला सव्वादोन हजार कमी पडतात, आज ठरलं नाही. रविवारी पुन्हा बैठक आहे.’ साहेबांचं उत्तर आलं, ‘ओके’. हाही एक कोरडाच शब्द. पण त्याला उत्तराची गरज नसते. ‘धन्यवाद सर’, मग हात जोडलेलं चित्र, मग फुलांचं चित्र, हे पाठवत राहिलं की त्यांचा मोबाइल वाजत राहतो, आणि पुढच्या वेळी आपला कामाचा संदेशही ते फुलाचाच समजून सोडून देतात.

दुसऱ्या दिवशी मात्र ताईंनी आपणहून एक ओळ पाठवली: ‘गट १ वर्ग झाले, गट २ जमा झाले, दोन्ही पावत्या पाहिल्या.’ पावत्या पाहिल्या हे शब्द महत्त्वाचे. ‘त्या म्हणाल्या भरले’ आणि ‘मी पावती पाहिली’ यांत फरक आहे, हे पहिल्या गटानं आम्हाला शिकवलंच होतं.

इथं एक सावधगिरी. हे सगळं ओळखीच्या नंबरबद्दल झालं. अनोळखी नंबरवरून ‘हॅलो’ आला, वर बँकेचं चिन्ह किंवा साहेबांचा फोटो आहे, आणि पुढं लिहिलंय की मी मीटिंगमध्ये आहे, फोन करू नका, एक काम तातडीनं करा, तर थांबायचं. अशी फसवणूक सर्रास चालते, आणि ती नेमकी आपल्या या सवयीवर चालते, की मोठ्या माणसाचं काम अडू नये. आम्ही अशा वेळी पहिलं उत्तर एवढंच देतो: ‘शाखेच्या नंबरवर फोन करते.’ आणि पासबुकावर छापलेल्या शाखेच्या नंबरवर खरोखरच फोन करतो. खऱ्या साहेबांना याचा राग येत नाही. आलेला ओटीपी, कार्डाचा पिन, हे बँकेचा कोणताही माणूस मागत नाही. मागितलं की तो बँकेचा नाही, एवढं धरून चालायचं. त्यांनी पाठवलेल्या दुव्यावर बोटही लावायचं नाही. आणि चुकून पैसे गेलेच, तर घरी कोण काय म्हणेल याची वाट न पाहता १९३० या नंबरवर लगेच तक्रार करायची. जितकी लवकर तक्रार, तितकी पैसे वाटेत अडवण्याची शक्यता जास्त.

आमच्या एका मैत्रिणीनं विचारलं, की आपण एवढं नेमकं बोलायचं, आणि साहेबांनी मात्र साधं ‘ताई’ही म्हणायचं नाही, हे बरोबर आहे का? आमच्यातही यावर दोन मतं आहेत. आम्हा काही जणींना वाटतं, की कोरडेपणा चालेल, अपमान चालणार नाही. कुणी ‘तुम्हा बायकांना कळत नाही’ असं म्हणालं, तर तिथं घाईचं कारण चालत नाही. त्याला आमचं उत्तर एकच: ‘सर, खात्याचा नंबर सांगा, मी माहिती देते.’ आवाज चढवायचा नाही, पण हसून सोडायचंही नाही. तेच पुन्हा झालं, तर एकटीनं न जाता प्रभागसंघाच्या पदाधिकाऱ्यांनी मिळून शाखेत जाऊन समोर बसून बोलायचं. एकदा आम्ही तसं गेलो होतो. अर्धा तास लागला, चहा झाला, आणि त्यानंतर ते बोलणं बंद झालं.

तिसऱ्या गटाचं काय झालं, ते राहिलं. रविवारच्या बैठकीतही सव्वादोन हजार जमले नाहीत. खातं थकीत झालं. पुढं जूनमध्ये त्या दोघींपैकी एकीनं शेळ्या विकून तिचा हप्ता दिला, दुसरीला गटानं हप्ते पाडून दिले, आणि जुलैमध्ये थकलेलं सगळं व्याज भरून खातं सुधारलं. मधल्या काळात साहेबांचे ‘हॅलो’ येतच होते, पण त्या गटाबद्दल त्यांनी ताईंना कधी दोष दिला नाही. २५ मार्चलाच सगळं खरं लिहून कळवलेलं होतं.

आमच्या पानावर आता सातवा रकाना आला आहे. ‘९० दिवस कधी भरतात’ असं त्याच्या डोक्यावर लिहिलंय. शनिवारी पान सुधारताना तो रकाना आधी भरतो, आणि ज्या गटाला वीस दिवसांपेक्षा कमी उरलेत, त्याच्या अध्यक्षांना त्याच संध्याकाळी आम्हीच फोन करतो.